काडी कुठे, दोरा कुठे

रविवारी दुपारी माझी भाची सई ऐरोलीहून ठाण्याला आली. चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, माझे आकडे सगळे बरोबर येतात गं, पण ताण आणि दाब उलटे होतात. सातातले चार बरोबर, तीन उलटे. दर वेळी तेच तीन." तिचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष चालू आहे. ट्रस म्हणजे सरळ तुकडे त्रिकोणांत जोडून केलेली चौकट, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे मेंबर. ट्रसच्या धड्याच्या स्लाइड्स कॉलेजने दिल्या होत्या, त्या तिने जेवणाच्या टेबलावर उघडल्या आणि शेजारी स्वतःची वही ठेवली.

'दर वेळी तेच तीन' हे ऐकून मला बरं वाटलं. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असत्या, तर अभ्यास कमी पडलाय म्हटलं असतं. पण तीच चूक त्याच जागी पुन्हा पुन्हा होत असेल, तर कुठेतरी एकच पायरी निसटते आहे. ती सापडली की झालं. मी रबाळ्याला लोखंडी शेडची डिझाइन्स करते, ट्रस हे माझं रोजचं काम. तरीही त्या दुपारी मी हिशेब पहिल्या स्लाइडपासून धरला, कारण मला तिची ती एक पायरी पकडायची होती.

स्लाइडवर एक छोटा पूल होता. असा:

```
      D-------E
     / \     / \
    /   \   /   \
   /     \ /     \
  A-------B-------C
```

A पासून B सहा मीटर, B पासून C सहा मीटर, उंची चार मीटर. D बरोबर A आणि B च्या मध्यावर, E तशीच B आणि C च्या मध्यावर. म्हणजे तिरप्या प्रत्येक मेंबरची आडवी धाव तीन, उभी धाव चार आणि लांबी पाच मीटर. ज्याने हे माप निवडलं त्याने मुलांवर उपकार केले आहेत. कॅल्क्युलेटर लागत नाही. तिरप्या मेंबरमध्ये जेवढं बल असेल त्याचे चार पंचमांश उभे आणि तीन पंचमांश आडवे, बस्स. A ला पिनचा टेकू, C ला रोलर, आणि B वर ४० किलोन्यूटनचं वजन, म्हणजे साधारण चार टन.

तिरप्या मेंबरांची अशी नागमोडी रांग असलेल्या ट्रसला वॉरन ट्रस म्हणतात. जेम्स वॉरन आणि विलोबी मोन्झानी यांनी १८४८ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या पाचच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली. पेटंटच्या एक वर्ष आधी, १८४७ मध्ये, अमेरिकेत स्क्वायर व्हिपलने ट्रसच्या प्रत्येक मेंबरमधलं बल हिशेबाने कसं काढायचं हे पुस्तकात मांडलं होतं. त्याआधी पुलाचे सुतार अनुभवावर आणि अंदाजावर लाकडं जोडत. मला हे सईला सांगावंसं वाटलं, कारण स्लाइडवर सगळं इतकं आयतं दिसतं की ही पद्धत कुणाला तरी शोधून काढावी लागली होती हे कळतच नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर गृहीतकं होती. तिने ती पाठ केली होती. मी विचारलं, "सांधे पिनचे मानायचे, वजन फक्त सांध्यावर ठेवायचं. का?" ती थांबली. मी टेबलावरची पट्टी उचलून तिच्या दोन्ही हातांत एकेक टोक दिलं. "दोन्ही टोकं नुसती धरलीस, मध्ये कुणी हात लावला नाही, तर पट्टीला तू काय काय करू शकतेस?" ओढू शकते, दाबू शकते, ती म्हणाली. मग मी पट्टीच्या मध्यावर बोट टेकवलं. पट्टी वाकली. एवढंच त्या गृहीतकांत आहे. टोकाला पिन असेल तर टोकातून वाकवणारा पीळ आत शिरत नाही आणि मध्ये वजन नसेल तर मधूनही वाक येत नाही. उरतात दोनच गोष्टी, लांबीच्या दिशेने ओढ किंवा लांबीच्या दिशेने दाब. म्हणून एका मेंबरसाठी एकच अज्ञात. ही सवलत नसती तर एकेक सांधा सोडवत पुढे जायची पद्धत पहिल्याच सांध्यावर अडली असती.

खऱ्या शेडमध्ये पिन नसते. गसेट प्लेट, म्हणजे सांध्यावरचा सपाट लोखंडी तुकडा असतो, त्याला मेंबर बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडलेले असतात, त्यामुळे थोडा वाक येतोच. पण मेंबर सडपातळ असतील आणि त्यांच्या मध्यरेषा सांध्यात एकाच बिंदूवर मिळत असतील, तर तो वाक मुख्य बलाच्या मानाने किरकोळ राहतो. मध्यरेषा जुळल्या नाहीत तर मात्र तो किरकोळ राहत नाही. त्यामुळे ड्रॉइंग तपासताना मी त्या रेषा अजूनही पेन्सिलीने लांबवून बघते.

पुढच्या स्लाइडवर `m + r = 2j`. मेंबर सात, टेकूंच्या प्रतिक्रिया तीन, पिनच्या उभी आणि आडवी अशा दोन आणि रोलरची एक उभी, सांधे पाच. सात अधिक तीन दहा, पाच दुणे दहा. प्रत्येक सांधा दोन समीकरणं देतो, एक आडवं आणि एक उभं, म्हणून दहा समीकरणं आणि दहा अज्ञात. सईला हे येत होतं. प्रतिक्रियाही आल्या, वजन मधोमध असल्याने A ला २० आणि C ला २०, दोन्ही वर, आणि आडवी शून्य.

"आता सुरुवात कुठल्या सांध्यावर?"

"A वर."

"B वर का नाही? वजन तर तिथेच आहे."

तिने बोटांनी मोजलं. B वर चार मेंबर येतात, चारही अज्ञात, आणि समीकरणं दोनच. A वर मेंबर दोन. म्हणून A. ही गोष्ट तिला सहज कळली होती आणि मी तिथे रेंगाळले नाही.

A चा हिशेब तिच्या वहीत नीट होता. टेकू A ला २० ने वर ढकलतो. AB आडवा, त्याला उभं काही करता येत नाही. म्हणजे ते २० रिचवायला AD ने A ला खाली ढकललं पाहिजे. त्याच्या बलाचे चार पंचमांश २०, म्हणून बल २५. ढकलतो आहे, म्हणजे AD दाबात. खाली ढकलताना तो A ला डावीकडेही १५ ने ढकलतो. ते सावरायला AB ने A ला उजवीकडे १५ ने ओढलं पाहिजे. AB ताणात, १५.

मग तिने D घेतला होता, आणि मला ती पायरी दिसली.

A च्या आकृतीत AD चा बाण डावीकडे खाली होता. D च्या आकृतीतही तिने AD चा बाण डावीकडे खालीच काढला होता. तसाच उचलून ठेवलेला. मी विचारलं तर म्हणाली, "बल तेच आहे ना? दिशा आत्ताच तर काढली." तिच्या जागी हे अगदी पटण्यासारखं आहे. आणि स्लाइडने इथेच तिचा हात सोडला होता. A ची आकृती मोठी, रंगीत, बाणांसकट, आणि त्याच्या पुढच्याच स्लाइडवर 'याचप्रमाणे इतर सांधे सोडवा' असं लिहून उत्तरांचा तक्ता. सगळ्या पद्धतीत अवघड जागा एकच, ती म्हणजे पहिल्या सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर पाऊल टाकणं. नेमकी तीच आकृती तिथे नव्हती.

मी पट्टी पुन्हा तिच्या हातात दिली. "दोन्ही हातांनी दाब. आता पट्टी तुझ्या डाव्या हाताला कुठे ढकलते?" डावीकडे. "आणि उजव्या हाताला?" उजवीकडे. ती पट्टीकडे बघत राहिली. पट्टी एक, दाब एक, पण दोन तळव्यांना जाणवणाऱ्या दिशा उलट. आपण सांध्यावर जो बाण काढतो तो मेंबरचा नसतो, मेंबरने त्या सांध्याला काय केलं त्याचा असतो. दाबातला मेंबर त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना आपल्यापासून दूर लोटतो, म्हणून दोन्ही ठिकाणी बाण सांध्यात घुसतो. ताणातला मेंबर दोन्ही सांध्यांना आपल्याकडे ओढतो, म्हणून दोन्ही ठिकाणी बाण सांध्यातून बाहेर पडतो. एका सांध्यावरून दुसऱ्यावर जाताना बाणाची दिशा उचलायची नाही. 'दाबात' किंवा 'ताणात' एवढा शब्द उचलायचा आणि नव्या सांध्यावर बाण नव्याने काढायचा.

तिने D पुन्हा मांडला. AD दाबात, D मध्ये घुसतो, म्हणजे वर २० आणि उजवीकडे १५. D वर बाहेरचं वजन नाही. DE आडवा. मग वरचे २० खाली खेचणारा DB एकटाच. तो D ला आपल्याकडे ओढतो, ताणात, २५. ओढताना उजवीकडेही १५ ने ओढतो. AD चे १५ आणि DB चे १५ मिळून ३० उजवीकडे, म्हणून DE ने D ला डावीकडे ३० ने ढकललं पाहिजे. DE दाबात, ३०, सगळ्या फ्रेममधलं सर्वांत मोठं बल. उरलेली बाजू आरशातल्यासारखी.

तिच्या जुन्या उत्तरात DB आणि BE दाबात २५, DE ताणात ३०. आकडे बरोबर, खुणा उलट्या. मी म्हटलं, "ही चूक तुला परीक्षेत स्वतःलाच पकडता आली असती. B वर जा." B अजून वापरलाच नव्हता. तिच्या जुन्या खुणांनी DB आणि BE दोघंही B ला २०-२० ने खाली ढकलतात, वजन ४० ने खाली ओढतं. एकूण ८० खाली आणि वर धरणारं कुणी नाही. तिचा हात तोंडावर गेला. नव्या खुणांनी दोघं वीस-वीसने वर ओढतात, वजन ४० खाली, बरोबर शून्य. शेवटचा सांधा नवं काही काढून देत नाही, पण आधीचं सगळं खरं की खोटं ते सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत आमचे एक वयस्क ड्राफ्ट्समन न वापरलेल्या सांध्यावर पेन्सिलीचं टोक टेकवत आणि काही न बोलता माझ्याकडे बघत. मी आजही हिशेब संपला की तोच सांधा शोधते.

तरी सईचा एक प्रश्न उरलाच होता, आणि तो रास्त होता. "आकडा बरोबर असेल तर खुणेवरून एवढं काय बिघडतं?"

हे सांगून पटत नाही, म्हणून मी खराटा आणला. त्यातल्या तीन जाडसर काड्या कापल्या, दोन दहा सेंटिमीटरच्या आणि एक बारा सेंटिमीटरची. या AD, EC आणि DE, म्हणजे दाबातले मेंबर. ताणातले चार मेंबर, AB, BC, DB, BE, चक्क गोधडी शिवायच्या जाड दोऱ्याचे. डाळीच्या दोन डब्यांवर दोन टोकं टेकवली, A चिकटपट्टीने डब्याला धरून ठेवला आणि C खाली गोल पेन्सिल सरकवली, तो आमचा रोलर. फ्रेम आडवी कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांनी जाड पुस्तकं उभी केली. खऱ्या पुलाला शेजारी दुसरा ट्रस आणि दोघांमध्ये ब्रेसिंग असतं, ते काम पुस्तकांनी केलं. कागदावरचा ट्रस सपाट असतो, त्यामुळे बाजूला पडण्याची गोष्ट त्या हिशेबात कधी येतच नाही.

B ला पाव किलो चहाची पुडी अडकवली. चारही दोरे ताठ झाले आणि पूल उभा राहिला. दोऱ्यांचा पूल! सईने DB वर नख मारलं, दोरा तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजला. मग चहाच्या जागी एक किलो साखरेची पिशवी अडकवली. दोऱ्यांना काहीच झालं नाही, पण वरची DE काडी मधोमध धनुष्यासारखी वाकू लागली. ताणातला मेंबर किती जाड आहे एवढंच बघावं लागतं. दाबातला किती लांब आहे हेही बघावं लागतं, कारण तो तुटण्याआधी बाजूला पळतो. त्या DE काडीला मध्यावर बाजूने धरलं, म्हणजे मोकळी लांबी निम्मी केली, तर ती जवळपास चौपट दाब सोसते. सईने दोन बोटांनी मध्यभागी हलकेच धरलं आणि काडी सरळ झाली. खूण उलटी लागली तर दोऱ्याच्या जागी काडी येते, ते नुसतं खर्चिक. पण काडीच्या जागी दोरा आला तर पूल नाही.

स्लाइड्समधलं उदाहरण इथे संपत होतं. मला मात्र ते तिथे सोडवेना, कारण मधोमध वजन ठेवलेला ट्रस बघून मुलांना वाटतं, DB हा ताणाचाच मेंबर आहे, जणू तो त्याचा स्वभावच. मी म्हटलं, "तेच ४० आता B वरून काढ आणि D वर ठेव. आधी वहीत."

D हा A पासून तीन मीटरवर, एकूण बारा. म्हणून A वर ३० आणि C वर १०. A ला ३० वर, म्हणजे AD दाबात साडेसदतीस, AB ताणात साडेबावीस. D ला AD वरच्या दिशेने ढकलतो ३०, वजन खाली ४०. कमी पडतात १०, आणि ते वर ढकलायला DB शिवाय कुणी नाही. DB दाबात, साडेबारा. सई लिहिता लिहिता थांबली. "मावशी, हा उलटला." तिला वाटलं पुन्हा चुकलं. तिने स्वतःहून B तपासला. DB ढकलतो खाली १०, BE ओढतो वर १०. आडवं बघितलं तर AB डावीकडे साडेबावीस, उजवीकडे BC, DB आणि BE प्रत्येकी साडेसात. जुळलं.

मग आम्ही चहाची पुडी B वरून काढून D वर नेली. ती हात सोडते न सोडते तोच DB दोरा लुळा पडला, सगळी फ्रेम उजवीकडे झुकली, D खाली गेला, E वर उचलला गेला आणि पुडी टेबलावर आपटली. दोऱ्याला ढकलता येत नाही. वहीतल्या साडेबारा या आकड्याचा अर्थ तो होता.

माझ्या कामात हे रोज समोर असतं. हलक्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रसचा खालचा लांब मेंबर एरवी ताणात असतो. पण जोराच्या वाऱ्यात छतावर वरच्या दिशेने ओढ बसते, ती पत्र्याच्या आणि लोखंडाच्या वजनापेक्षा जास्त झाली की सगळ्या खुणा उलटतात आणि तोच खालचा मेंबर दाबात जातो. ज्याने फक्त वजनाचा हिशेब केला त्याने तिथे सडपातळ, लांबलचक अँगल ठेवलेला असतो, मध्ये बाजूने धरायला काही नाही. म्हणून एकदा वजनाने, एकदा वाऱ्याने, आणि मेंबर दोन्ही खुणांना पुरणारा निवडायचा. आकडा लहान असला तरी उलटी खूण नजरेआड करता येत नाही.

सईने DB च्या जागी चौथी काडी बांधायला घेतली. बांधता बांधता तिचे हात थांबले. "वजन दोन्हीकडे असेल तर? B वर पण आणि D वर पण, सारखंच?"

मी काही सांगितलं नाही. तिने वही ओढली. B च्या वजनाने DB मध्ये ताण पंचवीस, D च्या वजनाने दाब साडेबारा. वजा केले तर ताणच उरतो, साडेबारा. BE मध्ये मात्र दोन्ही वेळा ताणच, पंचवीस अधिक साडेबारा, साडेसदतीस. "म्हणजे दोरा चालेल," ती म्हणाली, पण आवाजात खात्री नव्हती.

काडी बाजूला ठेवली. दोरा पुन्हा बांधला. फ्रेम हाताने धरून आधी B वर चहाची पुडी, मग D वर दुसरी तेवढीच, पोह्यांची. मग तिने बोटं एकेक करून काढली. पूल उभा होता. तिने BE दोऱ्यावर नख मारलं, मग DB वर. DB चा आवाज खालच्या पट्टीतला होता. तिने पुन्हा दोन्ही वाजवले, कान जवळ नेऊन, आणि तशीच वाकलेली असताना वहीत साडेबाराच्या पुढे लिहिलं, 'ताण'.